अर्धी पाटी, तुटका नंबर: फोटोतल्या तुकड्यांवरून प्रदेश कसा ओळखावा

फोटोत पाटी पूर्ण दिसत असेल तर जागा शोधायला फारसं कौशल्य लागत नाही. गावाचं नाव वाचायचं, नकाशा उघडायचा, काम झालं. पण बहुतेक फोटोंत पाटीसमोर झाडाची फांदी आलेली असते, टेम्पो उभा असतो, नाहीतर फ्लेक्सचा अर्धा भाग उन्हापावसाने फाटलेला असतो. हाती राहतात चार-पाच अक्षरं, फोन नंबरचे मधलेच आकडे आणि बाजूला कुठल्यातरी दुसऱ्या लिपीतली एक ओळ. एवढ्यावरून जिल्ह्यापर्यंत, कधीकधी तालुक्यापर्यंत कसं पोचायचं, ते या लेखात क्रमाने सांगतो आहे.

उदाहरणं नाशिकची घेतो. एक तर मी इथला आहे. शिवाय या जिल्ह्यात पाट्यांची सरमिसळ भरपूर आहे. पेठ-सुरगाण्याकडून गुजराती येते, मालेगावात उर्दू आहे, महामार्गावरच्या ढाब्यांवर हिंदी आहे, आणि पंचवटी-त्र्यंबकला येणाऱ्या भाविकांसाठी आणखी कितीतरी भाषा. इथे नजर तयार झाली की बाकी महाराष्ट्र सोपा जातो.

आधी दिसतं तेवढंच उतरवून घ्या

नवीन माणूस तुकडा पाहताक्षणी शब्द पूर्ण करून टाकतो. ‘…गाव’ दिसलं की मनात मालेगाव येतं, आणि पुढे सगळे पुरावे मालेगावच्या बाजूने झुकायला लागतात. म्हणून पहिलं काम कागदावर करायचं. जेवढी अक्षरं खरोखर दिसतात तेवढीच लिहा, झाकलेल्या जागी टिंबं द्या, आणि जे अक्षर नीट लागत नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘प’ आणि ‘ष’ यांचा धूसर फोटोत हमखास गोंधळ होतो, तिथे दोन्ही शक्यता लिहून ठेवा.

प्रत्येक तुकड्यासमोर तो कशावर आहे तेही लिहा. भिंतीवर रंगवलेला मजकूर, दुकानावर पक्का बसवलेला बोर्ड, खांबाला बांधलेला फ्लेक्स आणि गाडीवरची अक्षरं, यांचं वजन सारखं नसतं. रंगवलेली भिंत आणि पक्का बोर्ड सहसा त्या जागेचे असतात. फ्लेक्स शेजारच्या तालुक्यातून आलेला असू शकतो. गाडी तर कुठूनही येते. द्राक्षपट्ट्यात बोअरवेल खोदणारे ट्रक उभे असतात, त्यांवर बऱ्याचदा तमिळ अक्षरं असतात, कारण या धंद्यातल्या पुष्कळ गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडे भागातून देशभर फिरतात. ती अक्षरं पाहून फोटो तमिळनाडूत नेऊन ठेवणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

देवनागरी दिसली, पण कुठली?

देवनागरी म्हटलं की मराठी, हिंदी, नेपाळी आणि गोव्याकडची कोकणी एवढ्या शक्यता समोर ठेवायच्या. पूर्ण वाक्य असेल तर ‘आहे’, ‘है’, ‘छ’ आणि ‘आसा’ यांवरून लगेच निकाल लागतो. पण पाट्यांवर वाक्यं क्वचितच असतात. दुकानांच्या नावांत इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेले असतात, आणि नेमकी तीच आपली सोय आहे, कारण एकच इंग्रजी शब्द मराठी आणि हिंदी माणूस वेगळा लिहितो.

आपल्याकडे ‘जनरल स्टोअर्स’, हिंदीत ‘स्टोर’ किंवा ‘स्टोर्स’. आपल्याकडे ‘हार्डवेअर’, तिकडे ‘हार्डवेयर’. ‘सर्व्हिस’ आणि ‘ड्रायव्हिंग’ मध्ये आपण ‘व्ह’ लिहितो. हिंदी पाटीवर ‘सर्विस’ आणि ‘ड्राइविंग’ दिसतं. आपली ‘बँक’ तिकडे ‘बैंक’ होते. ‘किराणा’तला ण हिंदीत न होतो. म्हणजे ‘…ोअर्स’ एवढाच शेपटीचा तुकडा दिसला तरी पाटी मराठी लिहिणाऱ्याची आहे हे जवळपास नक्की होतं. दुकानाचं नाव झाकलेलं असलं तरी चालतं, कारण नावापेक्षा हा कंटाळवाणा भागच जास्त बोलतो.

शब्दाच्या शेवटची वेलांटीही पाहायची. मराठी शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे शेवटचा इकार-उकार दीर्घ येतो, म्हणून आपण ‘कृषी’ लिहितो. हिंदीत तो ‘कृषि’च राहतो. वेलांटी अक्षराच्या उजवीकडे दिसली की दीर्घ, डावीकडे दिसली की ऱ्हस्व. धूसर फोटोतही एवढं कळतं. मात्र देवादिकांच्या नावांवर हा नियम लावू नका. ‘हरि ओम’ सारखी नावं मराठी पाट्यांवरही जुन्या पद्धतीने लिहिलेली सापडतात.

‘ळ’ दिसला तर हिंदी बाजूला ठेवायला हरकत नाही, नेपाळीसुद्धा. पण ‘ळ’ म्हणजे महाराष्ट्र असं समजू नका. बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा इथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि ‘काळे’ आडनावाचा माणूस इंदुरातही पाटीवर ‘काळे’च लिहितो. ‘शेतकऱ्यांसाठी’ मधला अर्धा ऱ हिंदीत येत नाही, पण नेपाळीत येतो. अक्षरावरून तुम्हाला भाषा कळते, जागा नाही. जागेसाठी दुसरा पुरावा लागतोच.

अक्षरांच्या वळणाबद्दल एक सावधगिरी. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि हाताने रंगवलेल्या पाटीवर ती उत्तम खूण ठरतात. फ्लेक्सवर मात्र ती खूण चालत नाही. संगणकावरच्या कित्येक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल-श असतात, त्यामुळे अस्सल नाशिकच्या फ्लेक्सवरही ते दिसतात.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन लहान-मोठ्या सर्व दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असंही ठरलं. तेव्हापासून मोठ्या ब्रँडच्या दुकानांवरही ठळक देवनागरी दिसू लागली. फोटो अलीकडचा असेल आणि दुकानांच्या रांगेत इंग्रजीएवढीच मोठी देवनागरी सलग दिसत असेल, तर तो महाराष्ट्राच्या बाजूचा चांगला पुरावा आहे. जुन्या फोटोला हे लागू नाही.

नंबर: दहाचा हिशेब

तुटक्या पाटीवरचा सगळ्यात भरवशाचा तुकडा म्हणजे लँडलाइन नंबर. मोबाइल माणसाबरोबर फिरतो, लँडलाइन तारेने जागेला बांधलेली असते.

हिशेब असा आहे. सुरुवातीचं शून्य सोडलं तर एसटीडी कोड आणि पुढचा नंबर मिळून दहा आकडे होतात. मोठ्या शहरांचा कोड लहान, म्हणून पुढचा नंबर लांब. पुण्याचा कोड ०२०, मुंबईचा ०२२. दोन्हीकडे पुढे आठ आकडे. नाशिक शहराचा ०२५३, पुढे सात. तालुक्यांचे कोड आणखी लांब: निफाड ०२५५०, सिन्नर ०२५५१, मालेगाव ०२५५४. त्यांच्यापुढे सहाच आकडे येतात.

याचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. कोड झाकलेला असेल आणि पुढचे आकडे मोजता येत असतील, तर ते वाचता आले नाहीत तरी चालेल. आठ मोजले तर पुणे-मुंबईसारखं महानगर, सात मोजले तर नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा पातळीचं शहर, आणि सहा मोजले तर तालुक्याचं गाव. काही जिल्ह्यांच्या ठिकाणांनाही लांब कोड आहेत. धुळ्याचा ०२५६२ आणि साताऱ्याचा ०२१६२. म्हणून ‘सहा आकडे म्हणजे छोटं गाव’ हा अंदाज म्हणूनच धरा.

मोजताना दोन ठिकाणी फसायला होतं. पाटीवर ‘२४××××/३५’ असं लिहिलेलं असतं. तिरक्या रेघेनंतरचे दोन आकडे म्हणजे दुसऱ्या लाइनचे शेवटचे आकडे, ते हिशेबात धरायचे नाहीत. दुसरं म्हणजे जुन्या पाट्या. या शतकाच्या सुरुवातीला सरकारी टेलिफोनच्या नंबरांना पुढे २ जोडला गेला. त्यामुळे ०२५३ च्या पुढे सहाच आकडे असतील आणि पहिला २ नसेल, तर पाटी त्याआधी रंगवलेली आहे. हिशेब नऊवर येतो म्हणून गोंधळू नका. उलट पाटीचं वय फुकटात कळलं.

कोडचा पुढचा भाग दिसत असेल तर शून्यानंतरचा आकडा साधारण विभाग सांगतो. ०२ म्हणजे बहुतांश महाराष्ट्र आणि गुजरात. तमिळनाडू, केरळ ०४ मध्ये, उत्तर प्रदेशाचा मोठा भाग ०५ मध्ये, कर्नाटक-आंध्र मुख्यतः ०८ मध्ये. विदर्भ मात्र मध्य प्रदेशाबरोबर ०७ मध्ये आहे: नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४. म्हणून मराठी पाटी आणि ०७ ने सुरू होणारा कोड एकत्र आले की विदर्भाकडे वळायचं. अपवादही आहेत. गोवा ०८३२ वर आहे, बेळगाव ०८३१ वर. अहमदाबाद ०७९ आणि हैदराबाद ०४० आपापल्या शेजाऱ्यांपासून वेगळे पडतात.

आपल्या भागातली ०२५ ची ओळ पाठ करून ठेवावी अशी आहे: ०२५० वसई, ०२५१ कल्याण, ०२५३ नाशिक, मग ०२५५ ने सुरू होणारे नाशिक जिल्ह्यातले तालुके, ०२५६२ धुळे, ०२५७ जळगाव. उत्तर कोकणापासून खानदेशापर्यंतचा पट्टा या एका ओळीत येतो. ‘०२५’ पर्यंतच दिसलं आणि पुढे फाटलं, तरी शोध एवढ्या पट्ट्यात आला.

मोबाइल नंबरचं वजन कमी, पण शून्य नाही. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. पहिल्या चार आकड्यांवरून पूर्वी कंपनी आणि विभाग दोन्ही कळायचे. बीएसएनएलचे ९४२२ आणि ९४२३ महाराष्ट्र-गोव्याचे, ९४२५ मध्य प्रदेश-छत्तीसगडचा, ९४२६ गुजरातचा. २०११ मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आली, तेव्हा कंपनीची खूण गेली. २०१५ मध्ये ती सोय देशभर लागू झाली आणि विभागाची खूणही पातळ झाली. पण जुन्या पाटीवरचा ९४२२ अजूनही बोलका आहे, कारण तो नंबर घेतला तेव्हा माणूस बहुधा इथेच होता. एकाच गल्लीतल्या तीन-चार दुकानांचे नंबर त्याच विभागाचे निघाले तर त्याला चांगलं वजन द्या. एकट्या नंबरावर काही उभं करू नका.

दहा आकडी आणि ९८ ने सुरू होणारा नंबर, वर देवनागरी, म्हणजे भारत, असं वाटणं साहजिक आहे. पण नेपाळचे मोबाइल नंबरही दहा आकडी असतात आणि ९७ किंवा ९८ ने सुरू होतात. पाटीवर ‘पसल’ किंवा ‘खाजा घर’ दिसलं, किंवा ‘०१’ च्या पुढे सात आकड्यांचा लँडलाइन दिसला, तर तो काठमांडूकडचा फोटो आहे. दिल्लीचा कोड ०११ असतो आणि पुढे आठ आकडे येतात, तेव्हा मोजलं की फरक कळतो.

१८०० ने सुरू होणारे टोल फ्री नंबर सोडून द्या, त्यांना जागा नसते. आणि पाटीवरच्या नंबरला फोन लावून ‘तुमचं दुकान कुठे आहे’ असं विचारू नका. तो नंबर कुणाच्या तरी घरचा असू शकतो. आपल्याला आकड्यांची रचना हवी आहे, त्यापलीकडचा माणूस नको. उत्तर कुणाला दाखवताना नंबरचे शेवटचे आकडे झाका.

दोन भाषा दिसल्या की विचारा: ही ओळ कुणासाठी?

मिश्र भाषा पाहून नवखे लोक सरासरी काढतात. थोडी गुजराती, थोडी मराठी, म्हणजे सीमेवरचं गाव. कधी ते बरोबर निघतं, पण तो योगायोग असतो. प्रत्येक भाषेची ओळ कुणाला उद्देशून लिहिली आहे हे आधी ठरवा. दुकानदार स्वतःच्या गावच्या गिऱ्हाइकासाठी लिहितो, वाटसरूसाठी लिहितो, किंवा लांबून येणाऱ्या पाहुण्यासाठी लिहितो. यांतली फक्त पहिली ओळ जागेबद्दल थेट बोलते.

त्र्यंबकेश्वरला पूजाविधीच्या पाट्यांवर हिंदी ठळक असते, आणि दक्षिणेकडच्या लिप्याही दिसतात, कारण भाविक तिकडून येतात. शिर्डीतल्या हॉटेलांवर तेलुगू दिसते ती त्याच कारणाने. अशा फोटोत लॉज, भक्तनिवास, पूजासाहित्य हे शब्द आणि पाठोपाठ तीन-चार लिप्या असतील तर तीर्थक्षेत्र समजा आणि लिप्यांवरून जागा ठरवू नका. मग शोधायची ती कंटाळवाणी पाटी: पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती, रेशन दुकान. तिथे भाविक येत नाही, म्हणून तिथली भाषा गावची असते. शिर्डीच्या गिरणीवर मराठीच सापडते, आणि कोड दिसला तर तो ०२४२३ असतो.

महामार्गाचंही असंच. नाशिकहून धुळ्याकडे जाताना ‘शुद्ध शाकाहारी’, ‘पंजाबी ढाबा’, ‘राजस्थानी भोजनालय’ अशा पाट्यांची रांग लागते. त्या ट्रकवाल्यांसाठी आहेत. ढाब्याची पाटी हिंदी असेल, पण शेजारच्या पंक्चरवाल्याकडे ‘पंक्चर काढून मिळेल’ दिसलं तर तुम्ही महाराष्ट्रात आहात.

उर्दूचं वेगळं आहे. मालेगावात उर्दू पाटी पाहुण्यांसाठी नसते, ती तिथल्याच लोकांसाठी असते. दवाखाना, शाळा, यंत्रमागाचे सुटे भाग विकणारा, सगळीकडे ती दिसते आणि जोडीला मराठी देवनागरी असते. उर्दू आणि मराठी एकत्र म्हटलं की मालेगाव, भिवंडी आणि छत्रपती संभाजीनगरचे काही भाग, एवढी नावं आधी समोर ठेवायची आणि मग कोड पाहायचा: मालेगाव ०२५५४, भिवंडी ०२५२२, संभाजीनगर ०२४०. उर्दूबरोबर तेलुगू असेल तर हैदराबादकडे जा. उर्दू आहे, देवनागरी कुठेच नाही आणि मोबाइल नंबर ०३ ने सुरू होऊन अकरा आकड्यांचा आहे, तर तो पाकिस्तान.

गुजराती ओळखायला एकच खूण पुरते: अक्षरं देवनागरीसारखी, पण डोक्यावर रेघ नाही. मात्र फोटो वरून कापलेला असेल तर देवनागरीची रेघही जाते आणि मराठी पाटी गुजराती वाटायला लागते. तेव्हा पाटीवरच्या न कापलेल्या ओळीत दोन अक्षरांच्या मधली जागा पाहा. देवनागरीत रेघ अक्षरांना जोडते, म्हणून पाटी कुठेतरी अखंड दिसतेच. गुजरातीत प्रत्येक अक्षर सुटं उभं असतं. आणि सापुतारा नाशिकपासून फार लांब नाही, गुजरातच्या एसटी गाड्या नाशिकला रोज येतात. बसच्या काचेवरची गुजराती ही बसची भाषा आहे, रस्त्याची नाही.

एक फोटो, पहिल्यापासून शेवटपर्यंत

हा नमुना सरावासाठी रचला आहे, पण यातला प्रत्येक तुकडा आपल्याकडच्या रस्त्यांवर रोज दिसतो तसाच आहे.

फोटोत एक दुकान आहे. समोर पिकअप उभी आहे, वरून झाडाची फांदी आली आहे. वहीत असं उतरवलं:

पक्का बोर्ड, रंगवलेला, पहिली ओळ: ‘…षी सेवा कें…’
दुसरी ओळ: ‘खते, बियाणे, औष…’
तिसरी ओळ: ‘…५०) २४’ आणि पुढे चार पुसट आकडे
बोर्डचा खालचा कोपरा: ‘जि. ना…’
खांबाला बांधलेला फ्लेक्स: ‘…क्ष बागायतदार शेतकऱ्यांसा…’
शटरशेजारी छोटी पट्टी, जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे: २७
पिकअपच्या मागच्या फळीवर: डोक्यावर रेघ नसलेली अक्षरं

पिकअप आधी बाजूला ठेवली. रेघ नसलेली अक्षरं गुजराती आहेत, पण ती गाडीवर आहेत. शेतमाल न्यायला गुजरातची गाडी येणं इथे रोजचं आहे.

पहिल्या ओळीत ‘षी’ची वेलांटी उजवीकडे आहे, म्हणजे ‘कृषी’. ‘बियाणे’ आणि ‘खते’ हेही मराठी. हिंदीत ‘बीज’ आणि ‘खाद’ आले असते. फ्लेक्सवरचा ‘ऱ्यां’ त्याला जोड देतो. भाषा मराठी, यात शंका उरली नाही. राज्य अजून सिद्ध झालेलं नाही.

ते काम जीएसटीच्या दोन आकड्यांनी केलं. या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, गुजरात २४, मध्य प्रदेश २३, कर्नाटक २९, गोवा ३०. पट्टी दुकानाच्या भिंतीवर आहे, म्हणून दुकान महाराष्ट्रातलं.

आता नंबर. कंसाच्या आत शेवटचे दोन आकडे ५० आहेत. मनात लगेच वसई येते, कारण ०२५० तिचा. इथे दहाचा हिशेब लावायचा. कंसानंतर २, ४ आणि चार पुसट, असे सहा आकडे मोजले. शून्य सोडून कोड चार आकडी हवा, म्हणजे पाटीवर पाच आकडी. वसईचा कोड शून्यासकट चारच आकड्यांचा आणि पुढे सात आकडे लागतात. वसई गेली. आपल्या ओळीतला ५० ने संपणारा पाच आकडी कोड म्हणजे ०२५५०, निफाड. पण राज्यात दुसरीकडेही ५० ने संपणारा कोड असू शकतो, म्हणून इथे थांबायचं नाही.

‘…क्ष बागायतदार’ हे द्राक्ष बागायतदार असणार. ‘रुद्राक्ष’ही ‘क्ष’ने संपतो, पण त्याचे बागायतदार नसतात. द्राक्ष म्हटलं की महाराष्ट्रात दोन मोठे पट्टे: नाशिक, आणि सांगली-सोलापूर. तासगावकडे बेदाण्याची, शेडची भाषा पाट्यांवर जास्त दिसते. पण या फ्लेक्सवर तेवढं काही नाही, म्हणून पीक एकटं निकाल देत नाही. देतो तो कोपरा: ‘जि. ना…’. महाराष्ट्रात ‘ना’ने सुरू होणारे जिल्हे नाशिक आणि नागपूर. नांदेड आणि नंदुरबार मनात येतील, पण नांदेडच्या ‘ना’वर टिंब असतं आणि नंदुरबारला काना नाही. फोटो मोठा करून पाहिला, अक्षराच्या वर टिंब नाही आणि तिथला रंग शाबूत आहे. नागपूर संत्र्याचं, शिवाय तिकडचे कोड ०७ चे. सांगली-सोलापूर ‘जि. ना’मध्ये बसत नाहीत. द्राक्ष, ‘ना’ आणि सहा आकड्यांपूर्वीचा ५०, या तिन्हींना एकाच वेळी सामावणारी जागा निफाड तालुका आहे.

इथे गडबड झाली असती तर ती कशी कळली असती तेही पाहून घ्या. कंसानंतर सात आकडे मोजले असते, तर कोड वसईचा आणि फ्लेक्स द्राक्षाचा, असा विरोध उभा राहिला असता. असा विरोध आला की आवडता पुरावा धरून दुसरा सोडायचा नाही. आधी मोजणी तपासायची. कंसाची कड आकडा समजून मोजली गेली का, तिरकी रेघ १ वाटली का. मोजणी बरोबर निघाली तर मग फ्लेक्सकडे वळायचं, कारण फ्लेक्स बाहेरून आलेला असू शकतो.

आता मर्यादा. ०२५५० हा कोड निफाड गावापुरता नाही. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, ओझर हीसुद्धा याच तालुक्यातली, आणि कृषी सेवा केंद्रं सगळीकडे आहेत. पिनकोड दिसला असता तर फरक पडला असता: पिंपळगाव ४२२२०९, निफाड ४२२३०३, लासलगाव ४२२३०६. त्यातला चौथा आकडा मिळाला तरी पिंपळगाव बाकीच्या दोघांपासून वेगळं होतं. या फोटोत पिनकोड नाही, म्हणून अक्षरांचं काम इथे संपलं.

पुढचं काम नकाशावरचं. या गावांच्या बाजारपेठा आणि बाजार समित्यांकडे जाणारे रस्ते रस्त्यावरच्या चित्रांतून पाहायचे. ‘कृषी सेवा केंद्र’ असा शोध घेऊन यादी करायची, आणि दुकानाशेजारचा जिना, विजेच्या खांबाची जागा, शटरांची संख्या जुळवायची. पाटीचा रंग जुळवायला जाऊ नका, पाट्या दर दोन-चार वर्षांनी बदलतात. जिना बदलत नाही.

उत्तर कसं लिहायचं

उत्तर पायऱ्यांनी लिहा आणि प्रत्येक पायरीपुढे तिचा पुरावा. वरच्या फोटोचं उत्तर मी असं लिहीन: ‘राज्य महाराष्ट्र, ठाम, भिंतीवरच्या जीएसटी क्रमांकावरून. जिल्हा नाशिक, जवळपास ठाम, “जि. ना” आणि द्राक्षावरून. तालुका निफाड, बहुधा, कोडच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून आणि सहा आकडे मोजून. गाव ठरलेलं नाही. पिंपळगाव, लासलगाव, ओझर आणि निफाड तपासायचे आहेत. पिकअपवरची गुजराती हिशेबात घेतलेली नाही.’

वगळलेला पुरावाही लिहायचा, कारण पुढे कुणी तोच फोटो पाहील तेव्हा त्याची नजर आधी त्या गुजराती अक्षरांवरच जाणार आहे.

सरावासाठी मेन रोडवर किंवा रविवार कारंजावर पाट्यांचे फोटो काढा, माणसं येणार नाहीत असे. घरी आल्यावर प्रत्येक फोटोचा एक तृतीयांश भाग कापून फेका आणि उरलेला मित्राला द्या. त्याने तो नाशिकचा आहे हे कोडशिवाय सिद्ध करायचं. पहिल्या फेरीत तो दुकानाची नावं शोधेल. ‘स्टोअर्स’च्या शेपटीकडे आणि गिरणीच्या पाटीकडे त्याची नजर आपोआप जायला लागली, की त्याला अनोळखी शहराचे फोटो द्यायला हरकत नाही.